चष्मा, लेन्स की लेझर? वापरलेल्यांनी अनुभव सांगा

मीनल_२४: दोन्ही डोळ्यांना -४.५. दहावीपासून चष्मा, ३ वर्षं लेन्स. घरचे म्हणतात लग्नाआधी लेझर करून टाक. ज्यांनी केलंय (किंवा नाही केलं) त्यांनी लिहा ना.

बाप्पा_ठाणेकर: डोळे झाकून कर. भावाने केलं, १० मिनिटांत काम, दुसऱ्या दिवशी गाडी चालवत होता. १८ पूर्ण पाहिजेत बास, नंबर परत येतच नाही.

सांगलीची_ऑप्टो: १८ पूर्ण असून भागत नाही हो दादा. नंबर वर्षभर तरी हललेला नसावा, हलता नंबर लेझर केला की थोडा परत येतो. मीनल, जुने चष्म्याचे कागद शोध आणि मुख्य म्हणजे स्कॅनच्या आधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेव, लेन्सने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार दबलेला असतो, मग मशीन चुकीचाच नकाशा काढतं. काल लेन्स काढून आज स्कॅनला आलेले रोज बघते मी. साडेचारला साधारण ६५-७० मायक्रॉन घासले जातात, वर फ्लॅपचे, म्हणजे लेझरआधी कॉर्नियाचा जो पातळ पापुद्रा उचलतात त्याचे, ११० च्या आसपास धर. तुझा कॉर्निया ५२० असेल तर खाली ३४० उरतात, ठीक आहे. पण जाडी चांगली असून आकार वाकडा निघाला तर नाही म्हणजे नाही.

रात्रराणी: माझा कॉर्निया पातळ निघाला म्हणून फ्लॅप न काढता करतात ते पीआरके लेझर केलं. पहिले ३ दिवस डोळ्यात मिरची पूड टाकल्यासारखं, पडदे ओढून नुसती पडून होते. आता ६/६ दिसतं, पण रात्री हायवेला समोरच्या हेडलाइटभोवती अजून कडं दिसतं आणि एसीत ड्रॉप्स लागतातच.

एसटीवाला: मी लेन्सवालाच, पण पुणे-नागपूर रात्रीच्या बसला कंटाळा केला आणि लेन्स घालूनच झोपलो. सकाळी एक डोळा लाल, पाणी थांबेना, उजेडाकडे बघवेना, मला वाटलं धूळ गेली असेल म्हणून नळाच्या पाण्याने धुतला (अजून एक शहाणपणा). अल्सर निघाला. दर तासाला ड्रॉप्स, रात्री आई गजर लावून उठायची. काळ्या भागावर बारीक पांढरा डाग राहिलाय. आता लेझर होईल का, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात.

काका_४६: मला पेपर वाचायला चष्मा लागतो, तो जातो का लेझरने?

सांगलीची_ऑप्टो: काका, ते वयाचं, धाग्याचा विषय वेगळाय. पण मीनल, हे तुझ्याही कामाचं आहे. मायनसवाले चाळिशीनंतर चष्मा काढून वाचतात, लेझर केलं की ती सोय गेली. आणि डोळ्याचा आतला पडदा तपासायचं थांबवू नकोस, आतून डोळा लांबट तो लांबटच राहतो.

मीनल_२४: लेन्स आजपासून बंद. जुना चष्मा काढला तर -३.७५ चा निघाला, आणि तो फक्त सव्वा वर्षापूर्वीचाय 😐