मदत हवी आहे: यीस्टच्या दोन्ही बाटल्यांचे फुगे फुगले, मग ऑक्सिश्वसन नेमके कोठे झाले?

वर्गशिक्षिका: नववीच्या मुलांसाठी मी २५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर कोमट पाणी, ५ ग्रॅम ग्लुकोज आणि थोडे यीस्ट घेतले. एका बाटलीत द्रावणावर तेलाचा थर दिला, दुसरीत दिला नाही, आणि दोन्हींच्या तोंडांवर फुगे बसवले. पहिल्या बाटलीत किण्वन व दुसरीत ऑक्सिश्वसन दिसेल अशी माझी अपेक्षा होती. परंतु तासाभरात दोन्ही फुगे जवळपास सारखेच फुगले. माझे काय चुकले? शिवाय एका मुलीने विचारले की किण्वन स्नायूंतही होते, तर तेथे वायू का सुटत नाही? याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

जिज्ञासू_४२: तेलाचा थर नीट बसला नसावा. ऑक्सिजन मिळाला की यीस्ट किण्वन थांबवते, त्यामुळे तुमच्या दोन्ही बाटल्यांत ऑक्सिश्वसनच झाले असणार.

निवळी: तसे असते तर फुगे फुगलेच नसते. ऑक्सिश्वसनात ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे सहा रेणू वापरले जातात आणि कार्बन डायऑक्साइडचे सहाच रेणू बाहेर पडतात, म्हणून बंद बाटलीतील वायूचे आकारमान वाढत नाही. किण्वनात ऑक्सिजन खर्च होत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू नव्याने येतात. फुगा फुगणे ही किण्वनाचीच खूण आहे.

आता बिनतेलाच्या बाटलीचा हिशेब पाहू. द्रावणावरच्या १५० मिलिलिटर हवेत ऑक्सिजन सुमारे ३१ मिलिलिटर असतो आणि तेवढ्यात जेमतेम ४० मिलिग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊ शकते. तुम्ही घातले होते ५,००० मिलिग्रॅम! म्हणजे तेल असो वा नसो, दोन्ही बाटल्यांत बहुतेक सारे किण्वनच होणार होते.

जिज्ञासू यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ऑक्सिजनमुळे किण्वन मंदावते हे पाश्चर यांनी दाखवले होते; मात्र साखर भरपूर असेल तर पावाचे यीस्ट हवा मिळत असतानाही अल्कोहोल तयार करत राहते. यालाच क्रॅबट्री परिणाम म्हणतात. त्यामुळे पंपाने हवा सोडूनही तुमची दुसरी बाटली शुद्ध ऑक्सिश्वसनाची झाली नसती.

धावपटू: मी रोज धावतो. वेग वाढवला की धाप लागते, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या लॅक्टिक आम्लामुळे, असे आमचे प्रशिक्षक सांगतात. मग स्नायूंतूनही वायू सुटतच असणार ना?

निवळी: धापेबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मुख्यतः ऑक्सिश्वसनातला असतो. जोराच्या श्रमात रक्तातील बायकार्बोनेट आम्लाशी संयोग पावते, त्यातूनही थोडी भर पडते. पण तो वायू किण्वनाच्या अभिक्रियेतून आलेला नसतो. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष लॅक्टेटला देता येत नाही, कारण धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची रक्तातील पातळी पूर्ववत होते.

बाईंच्या विद्यार्थिनीचे उत्तर रेणूंच्या रचनेत आहे. ग्लुकोजपासून तीन कार्बनचे पायरुव्हिक आम्ल होईपर्यंत यीस्ट आणि स्नायू एकाच वाटेने जातात, दोघांनाही निव्वळ दोनच एटीपी मिळतात, आणि दोघांपुढे अडचणही एकच उभी राहते: हायड्रोजन स्वीकारून बसलेले एनएडी मोकळे केले नाही तर ही वाटच बंद पडते. स्नायू तो हायड्रोजन थेट पायरुव्हिक आम्लाला देतो, तिन्ही कार्बन लॅक्टेटमध्येच राहतात आणि वायू सुटण्याचे कारणच उरत नाही. यीस्ट मात्र आधी एक कार्बन तोडून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सोडून देते, आणि उरलेल्या दोन कार्बनच्या ॲसिटाल्डिहाइडला हायड्रोजन देऊन इथेनॉल करते. तो कार्बन तोडणारे विकर आपल्या स्नायूंत नाही (नाहीतर धावण्याच्या शर्यती फारच निराळ्या झाल्या असत्या).

जिज्ञासू_४२: म्हणजे स्नायूतही ऑक्सिजन पूर्ण संपल्यावरच लॅक्टेट होते असे नाही?

निवळी: नाही. पायरुव्हिक आम्ल तयार होण्याचा वेग तंतुकणिकांच्या क्षमतेपुढे गेला की ऑक्सिजन असतानाही लॅक्टेट साचते. ते वायाही जात नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. स्नायूंतील आम्लता नेमकी लॅक्टेट तयार होण्यामुळे वाढते की एटीपीच्या विघटनामुळे, यावर मात्र तज्ज्ञांत अजून वाद आहे.

वर्गशिक्षिका: मनापासून आभार. आज मी ग्लुकोज ५ ग्रॅमऐवजी ०.१ ग्रॅम घेऊन, तेल न घालता प्रयोग केला, तेव्हा फुगा फुगला नाही. हे ऑक्सिश्वसन मानावे का?

निवळी: एवढ्यावरून नाही. ०.१ ग्रॅमचे पूर्ण किण्वन झाले तरी सुमारे २७ मिलिलिटरच वायू निघतो, त्यातलाही काही भाग पाण्यात विरघळतो, आणि उरलेल्याने ढिला फुगा जेमतेम हलतो. फुग्याऐवजी बारीक नळी लावून तिच्यात रंगीत पाण्याचा थेंब ठेवा आणि तेलाची बाटलीही तेवढीच साखर घालून शेजारी ठेवा. दोन्ही थेंब किती सरकतात ते येथे अवश्य कळवा. क्रॅबट्री परिणाम इतक्या कमी साखरेतही दिसेल की नाही, याची मलाही उत्सुकता आहे.