‘ताठरता’, ‘ताठपणा’ की ‘कडकपणा’? एका माहितीपत्रकात अडलेलं वाक्य

पंचगंगाकाठ
कोल्हापुरातल्या एका दवाखान्यासाठी पुरुषांच्या आरोग्याचं चार पानी पत्रक मराठीत करतोय. मी लिहिलेलं वाक्य: ‘शिश्नाच्या ताठरतेत रोज चढउतार होणे सामान्य आहे.’ तपासणाऱ्यांनी ‘ताठरता’वर लाल खूण केली. म्हणाले, ताठरता हा आजार वाटतो, सांधे ताठरतात तसा. पुढे चार पायऱ्यांची मोजपट्टी आहे, तिथंही अडलंय. माझ्या मसुद्यात पहिली पायरी ‘थोडी ताठरता’ आणि दुसरी ‘मध्यम ताठरता’ अशी आहे. दोन्ही एकच वाटतात. काय करावं?

जुनाकोश
‘उत्थान’ वापरा. शब्द सभ्य आहे, संस्कृत आहे, आणि कुणाच्या घरी पत्रक पडलं तरी लाज वाटणार नाही. आणि न होण्याला आयुर्वेदात ‘ध्वजभंग’ आहेच. चरकाने क्लैब्याचे चार प्रकार सांगितले, त्यातला तो एक. इतका नेमका शब्द असताना नवे कशाला घडवायचे?

पेठेतला
उत्थान म्हटलं की आमच्याकडं ग्रामोत्थान, दलितोत्थान आठवतं. माणूस दवाखान्यात येऊन ‘उत्थान होत नाही’ असं म्हणंल काय? सरळ ‘कडकपणा’ लिहा. आता कोल्हापुरात मिसळपण कडक, चहापण कडक आणि मास्तरपण कडक, हे खरं. तरीबी माणसाला कळतंय.

शिरोळची
मी समुपदेशन करते. पेशंट यातला एकही शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, ‘जोर कमी झालाय.’ घोटाळा इथंच आहे. ‘जोर’मध्ये तीन तक्रारी दडलेल्या असतात: इच्छाच होत नाही, ताठ होत नाही, किंवा लवकर आटोपतं. प्रत्येकीची वाट वेगळी. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते, ‘मन होतं का?’ दुसरा, ‘मन झाल्यावर ताठ होतं का?’ तिसरा, ‘मग टिकतं का?’ पत्रकात ‘जोर’ नकोच. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या पोराला तर तो व्यायामच वाटेल.

नाडीपरीक्षक
मूत्ररोगाच्या विभागात काम करतो. अडचण शब्दाच्या निवडीत नाही. मराठीत इथं दोन शब्द लागतात आणि तुम्ही एकच वापरताय. फुगणं वेगळं, ताठणं वेगळं.

सायकलची ट्यूब डोळ्यांसमोर आणा. हवा भरली की ट्यूब मोठी होते, पण अजून दबते. बाहेरचा टायर तिला अडवतो तेव्हा ती घट्ट होते. शिश्नात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. त्यांचे स्नायू सैल पडले की रक्त आत शिरतं, हे फुगणं. मग बाहेरच्या चिवट आवरणाखाली परतीच्या शिरा दाबल्या जातात, रक्त अडकतं आणि ताठपणा येतो. शेवटचा पूर्ण ताठपणा येतो तो मुळाशी असलेले स्नायू आवळल्यावर. त्या क्षणी आतला दाब हाताच्या रक्तदाबाच्याही वर जातो. स्नायू सतत आवळलेले राहू शकत नाहीत, त्यामुळं ही शेवटची अवस्था येत-जात राहते. एकाच वेळच्या संबंधातसुद्धा ताठपणा पूर्णावरून थोडा उतरतो, पुन्हा चढतो. निरोधाचं पाकीट फोडण्यात मिनिट गेलं की उतरतो. त्यात बिघाड काही नाही.

तुमची पट्टी अशी लिहा. एक: मोठं होतं, पण कडक नाही. दोन: कडक होतं, पण आत जाण्याइतकं नाही. तीन: आत जाण्याइतकं कडक, पण पूर्ण नाही. चार: पूर्ण कडक आणि ताठ. पहिल्या पायरीत ‘ताठ’ शब्द येऊच देऊ नका, म्हणजे तुमचा गोंधळ मिटेल.

पेठेतला
म्हणजे रोज चारच पाहिजे असं नाही?

नाडीपरीक्षक
नाही. तीन आणि चारमध्ये येणं-जाणं नेहमीचं. मधूनच एखादा दोन, किंवा अजिबात न होणं, तेही नेहमीचं, जर पुढं परत येत असेल तर.

पत्रकात एक आठवडाच दाखवा. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पाळ्यांवर जाणारा चाळिशीतला माणूस. सोमवारी सुट्टी, झोप झालेली: चार. बुधवारी रात्रपाळी करून आला, दिवसा पाचच तास झोप: तीन. शुक्रवारी मित्रांबरोबर बरीच दारू: दोन. शनिवारी दारू नाही, पण शुक्रवार डोक्यात. सगळं लक्ष ‘आता होतंय का’ याकडं. धास्तीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ते स्पंजाचे स्नायू आवळतं, रक्त आत शिरत नाही: पुन्हा दोन. रविवारी पहाटे जाग आली तेव्हा: चार. रक्तवाहिन्या आणि नसा काम करताहेत हे त्या पहाटेनं सांगितलं. शनिवारचं कारण धास्तीत शोधायचं.

जुनाकोश
पहाटेचं ते लघवी तुंबल्यामुळं असतं. त्यावरून काही ठरवू नये.

नाडीपरीक्षक
हा समज सगळीकडं आहे, पण कारण झोपेत आहे. स्वप्नांच्या झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा असं होतं. पहाटे तसली झोप जास्त असते, म्हणून जाग येताना दिसतं.

करवीरवासी
माझं आठवड्यातनं दोन-तीन दिवस सकाळी नसतं. गजर वाजला की उठतो. मग हे ‘ताठरता’ धरायचं की ‘उत्थान’?

शिरोळची
दादा, शब्द कुठलाही धरा, काळजीचं काही दिसत नाही. गजर भलत्या झोपेत वाजला तर दिसणारच नाही. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता बघा. महिनोन् महिने कधीच नसेल, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

पेठेतला
तालमीत वस्ताद सांगायचे, वीर्य राखलं की ताठपणा वाढतो. ते खरं का?

नाडीपरीक्षक
त्यातलं थोडं खरं. वीर्यपतनानंतर काही काळ परत ताठ होत नाही. विशीत तो काळ काही मिनिटांचा असू शकतो, साठीत दिवसभराचाही. त्या वेळेत कमी वाटलं तर थांबणं बरोबर. पण तो काळ सरल्यावर महिनाभर राखून जास्त कडकपणा साठत नाही.

आणि जुनाकोश, ‘ध्वजभंग’ पत्रकात घालू नका, ही कळकळीची विनंती. शुक्रवारचा ‘दोन’ म्हणजे ध्वजभंग नव्हे. ‘भंग’ म्हटलं की मोडलं. दोन दिवसांच्या उतारावर तो शब्द वाचणाऱ्या माणसाचा शनिवार आणखी बिघडेल.

जुनाकोश
दोन दिवसांच्या उतारासाठी नको, मान्य. पण खऱ्या आजारासाठी शब्द लागेल की नाही? ‘नपुंसकत्व’ तर त्याहून वाईट. त्यात माणसाचं पुरुषपणच काढून घेतलं जातं. आणि ‘ताठ’सुद्धा ‘स्तब्ध’वरून आला असावा. संस्कृतात स्तब्ध म्हणजे ताठरलेलाच. म्हणजे तुम्हीही संस्कृतच वापरताय.

शिरोळची
आजारासाठी ‘ताठरतेची अडचण’ चालेल. पण आजार कधी म्हणायचं ते पत्रकात स्पष्ट हवं: तीन महिने, बहुतेक वेळा, दोन किंवा त्याखाली. तोवर त्याला चढउतारच म्हणायचं.

नाडीपरीक्षक
बरोबर. आणि तसं हळूहळू होत गेलं, पहाटेचंही कमी झालं, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायचं. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळं चोंदण्याची खूण कधी कधी तिथं आधी दिसते. उलट चार तासांवर उतरलंच नाही, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. ‘चढउतार’ म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

पंचगंगाकाठ
पट्टी तशीच घेतो, आठवडाही. वाक्य आता असं आहे: ‘ताठपणा रोज सारखा नसतो, आणि हे सामान्य आहे.’ तपासणाऱ्यांनी आता ‘सामान्य’वर खूण केली. म्हणतात, सामान्य म्हणजे साधारण दर्जाचं.

पेठेतला
‘नॉर्मल’ लिहा की. आमच्या आजीलापण कळतं. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल.

जुनाकोश
‘स्वाभाविक’ असताना ‘नॉर्मल’ कशाला?

शिरोळची
स्वाभाविक म्हणजे स्वभावातलं वाटतं. ‘असं सगळ्यांचंच होतं’ लिहा.

जुनाकोश
ते वाक्य झालं, शब्द नव्हे.