‘सिंक्रोनस कंडेन्सर’ला मराठीत काय म्हणावे?

नौपाडाकर: एका पारेषण प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी अनुवाद करत आहे. दुबळ्या ग्रिडला जोडलेल्या सौर प्रकल्पाजवळच्या उपकेंद्रात ‘सिंक्रोनस कंडेन्सर’ बसवावा, अशी त्यात शिफारस आहे. मी ‘समकालिक संघनित्र’ असे लिहिले, परंतु वाफेचे पाणी करणाऱ्या संघनित्राशी या यंत्राचे काही नाते दिसत नाही. ‘फॉल्ट लेव्हल’ला ‘दोषपातळी’ म्हटले तर चालेल का, हेही कृपया सांगावे.

रबाळेकर: कंडेन्सर हे कपॅसिटरचेच जुने नाव आहे, पंख्याच्या कपॅसिटरला मेकॅनिक आजही कंडेन्सरच म्हणतात. आमच्या कारखान्यात पॉवर फॅक्टर सांभाळण्यासाठी कपॅसिटर पॅनेल आहे. हे यंत्र तेच काम फिरून करते, म्हणून ‘फिरते धारित्र’ म्हणावे. आमचा पॉवर फॅक्टर रात्रपाळीत लीडिंग होतो, त्यावर कोणी उपाय सांगितला तर बरे होईल.

ऐरोलीकर: नावाचा उगम रबाळेकरांनी बरोबर सांगितला, मात्र ‘तेच काम’ हे अर्धेच खरे आहे. हे यंत्र म्हणजे दांड्यावर कोणताही भार नसलेली सिंक्रोनस मोटर. स्वतःच्या व्ययापुरती थोडी वीज ती ग्रिडमधून घेते. रोटरचे उत्तेजन वाढवले की ती रिअॅक्टिव्ह पॉवर देते आणि कमी केले की घेते. (रात्रपाळीच्या तक्रारीवर मोटर नको, भार उतरल्यावरही जोडलेले राहणारे कपॅसिटर आधी शोधावेत.) खरा फरक व्होल्टेज कोसळताना दिसतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की कपॅसिटरचा पुरवठा वर्गाच्या प्रमाणात घटून ६४ टक्क्यांवर येतो, म्हणजे गरज वाढते त्याच क्षणी तो हात आखडता घेतो. हे यंत्र मात्र त्याच क्षणी आपोआप अधिक देते आणि पाठोपाठ उत्तेजन-नियंत्रक त्यात भर घालतो.

बेलापूरकर: ‘दोषपातळी वाढवणारे यंत्र’ असे वाक्य छापून आले, तर ते विकत कोण घेईल? दोष कमी व्हायला हवेत ना?

ऐरोलीकर: म्हणूनच तो शब्द मला नको वाटतो. येथे बिघाडांची संख्या मोजलेली नसून, त्या ठिकाणी शॉर्टसर्किट झाल्यास ग्रिड किती जोराने प्रवाह ओतू शकेल, ते मोजलेले असते. समजा, जोडणीच्या ठिकाणी फॉल्ट लेव्हल ६०० एमव्हीए आहे आणि सौर प्रकल्प ४०० मेगावॉटचा आहे, गुणोत्तर १.५ येते, जे फारच दुबळे आहे. अशा ठिकाणी इन्व्हर्टरला व्होल्टेजचा कोन नीट धरता येत नाही आणि व्होल्टेज हेलकावू लागते. प्रकल्पाचे उत्पादन उतरवताच हेलकावे थांबले, तर संशय दुबळेपणावरच घ्यावा. आता तेथे १०० एमव्हीएचे यंत्र बसवले. त्याची उपक्षणिक रिअॅक्टन्स ०.१५ आणि ट्रान्सफॉर्मरची ०.१० धरली, तर १०० भागिले ०.२५, म्हणजे सुमारे ४०० एमव्हीएची भर पडते आणि गुणोत्तर २.५ होते. शिवाय इन्व्हर्टर बिघाडातही आपल्या नेमून दिलेल्या प्रवाहापेक्षा फारसे जास्त देत नसल्यामुळे बिघाड ओळखणे रिलेला जड जाते, तीही अडचण हलकी होते. कपॅसिटरने हे गुणोत्तर वाढत नाही. उलट ग्रिडचे परिणामकारक बळ काढताना कपॅसिटरची क्षमता वजाच धरतात.

नौपाडाकर: मग ‘लघुपरिपथ-क्षमता’ लिहिते. आणि ‘इनर्शिया’ला जडत्वच ना?

ऐरोलीकर: हो, पण ‘जडत्व पुरवणारे’ असे लिहिताना आकडा डोळ्यांसमोर असावा. या यंत्राचा जडत्वांक २ सेकंद असेल, तर फिरत्या रोटरमध्ये २०० मेगावॉट-सेकंद ऊर्जा असते. वारंवारता सेकंदाला १ हर्ट्झ वेगाने घसरत असताना त्यातून जेमतेम ८ मेगावॉट बाहेर पडतात. म्हणून दांड्यावर जड फ्लायव्हील बसवतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये सुरू झालेल्या चार यंत्रांना अशी फ्लायव्हील आहेत. ही मदत घसरण मंदावते, हरवलेले उत्पादन भरून काढत नाही. ‘समकालिक’ मात्र ठेवावे, कारण ग्रिडच्या वारंवारतेशी बांधून फिरते म्हणूनच हे सारे घडते. माझे मत ‘समकालिक प्रतिपूरक’ या बाजूने आहे.

खारघरकर: मला ‘प्रतिपूरक’ पटत नाही. त्यात केवळ रिअॅक्टिव्ह पॉवर येते. लघुपरिपथ-क्षमता आणि जडत्व दोन्ही बाहेर राहतात, म्हणजे रबाळेकरांच्या शब्दातली उणीव तशीच राहते. शिवाय इन्व्हर्टरवर चालणाऱ्या स्थिर प्रतिपूरकांचा आणि या फिरत्या यंत्राचा वाचक गोंधळ करील, तो वेगळाच. कामावरून नाव देण्यापेक्षा ‘निर्भार समकालिक यंत्र’ म्हणावे.

ऐरोलीकर: ‘निर्भार’वर माझी हरकत एवढीच, की दांडा निर्भार असला तरी वाइंडिंगमधून पूर्ण क्षमतेचा प्रवाह वाहत असतो आणि शीतकरणाची रचना त्यानुसारच करावी लागते. निविदेत हा शब्द वाचून कोणी यंत्र हलके समजू नये.

नौपाडाकर: तूर्त मजकुरात ‘सिंक्रोनस कंडेन्सर’ ठेवते आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘दांड्यावर भार नसलेले समकालिक यंत्र’ असा खुलासा देते. परिभाषा-सूचीतली जागा अजून रिकामी आहे.