मदत हवी आहे: विज्ञानाचा नवा अभ्यासक्रम जमतोय की नाही, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला विज्ञान शिकवते. टायलर यांच्या पद्धतीने आधी उद्दिष्टं ठरवली आणि जून व डिसेंबरमध्ये एकच चाचणी घेतली. विद्युत परिपथावरची सरासरी 10 पैकी 4 वरून 7 वर गेली. फार बरं वाटलं. पण सेल, तार आणि बल्ब हातात दिला, तर 28 पैकी 9 जणांनाच बल्ब पेटवता आला. बाकीचे तारेची दोन्ही टोकं सेलच्या एकाच बाजूला लावत होते!

म्हणून स्टफलबीम यांचं सीआयपीपी प्रारूप घेतलं: संदर्भ, साधनं, प्रक्रिया, फलित. प्रक्रिया तपासली तेव्हा कळलं, साहित्याचा संच एकच, त्यामुळे प्रयोग मीच टेबलावर करून दाखवले होते. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत आठ-दहा मुलं वर्गात नव्हतीच. मग अभ्यासक्रम कमी पडला म्हणायचं, की तो मुलांपर्यंत पोचलाच नाही?

वेचणीला गेलेल्या मुलांचे गुण वेगळे काढले तर एवढ्या लहान वर्गात त्यावरून काही ठरवता येईल का? आणि कोणत्या मुलाने प्रयोग स्वतः केला, याची रोजची नोंद तुम्ही कशी ठेवता? तक्ता असेल तर कृपया पाठवा.