वीजबिल दुपटीवर गेलं, एसी एकाच खोलीत. ग्रुपवर काय लिहू?

मधली_खोली
आम्ही तिघं एकत्र राहतो. वीज आणि वायफाय, दोन्ही बिलं आजवर सरळ तीन भाग करून भरली. मागचं वीजबिल १४८ युनिटचं होतं, आत्ताचं ३२२ युनिटचं आलंय. मधल्या काळात घडलं ते एवढंच, की एकाने आपल्या खोलीत एसी बसवला. ग्रुपवर टाकायला हे लिहून ठेवलंय: "यावेळी बिल दुपटीच्या वर गेलंय. कारण सगळ्यांना माहीत आहेच. ज्याने त्याने विचार करावा." अजून पाठवलेलं नाही. टोमणा वाटतोय का? भांडण नकोय, पण त्याच्या गारव्याचे पैसे मी का भरू?

स्पष्टच_सांगते
वाटतोय का म्हणजे काय, टोमणाच आहे तो. घरात माणसं तीन, त्यातला एक तू. मग "ज्याने त्याने" कोण उरलं? त्यापेक्षा सरळ नाव घे. "एसी तुझा आहे, वाढलेले १७४ युनिट तुझे, तेवढे तू भर." एका वाक्यात विषय संपतो. गोड बोलण्याच्या नादात लोक सहा महिने मनात कुढत बसतात आणि मग भांडी घासण्यावरून फुटतात.

जुना_वायरमन
थांबा. ते १७४ युनिट एसीचे आहेत हे ठरवलं कुणी? दोन्ही बिलं शेजारी ठेवा आणि मागच्या रीडिंगची तारीख, चालू रीडिंगची तारीख बघा. दोन बिलांमधले दिवस सारखे असतीलच असं नाही. रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की सरासरीवर अंदाजाने लावलंय, तेही बघा. आधीच्या महिन्यात अंदाज कमी लावला गेला असेल, तर त्याची भरपाई पुढच्या बिलात एकदम येऊन पडते. हे न बघता नाव घेतलंत आणि समोरच्याने बघितलं, तर माफी तुम्हालाच मागावी लागेल.

घरचा_अभ्यास
अंदाज कशाला हवाय? दीड टनाचा एसी म्हणजे तासाला दीड युनिट. रोज रात्री सात तास लावत असेल तर तेवढ्याने गुणायचं. हिशोब तयार.

वायफायपुरता
वायफायचंही बघा. आमच्याकडे एक जण दिवसभर घरून काम करतो, सतत व्हिडिओ कॉल. आम्ही दोघं रात्री थोडं काहीतरी बघतो. तिघांना सारखाच वाटा कसा?

मधली_खोली
बिलं काढली. मागचं २९ दिवसांचं आहे, आत्ताचं ३६ दिवसांचं. रीडिंग दोन्ही वेळी प्रत्यक्षच घेतलंय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एसी दीड टनाचा आहे, इन्व्हर्टर. या ३६ दिवसांत साधारण २२ रात्री लावला असेल. उरलेल्या रात्री तो गावाला होता.

जुना_वायरमन
बघा आता. १४८ ला २९ ने भागलं तर दिवसाला ५.१ युनिट. त्याच चालीने ३६ दिवसांचे १८४ झाले. म्हणजे एसी नसता तरी बिल १८४ च्या आसपास आलंच असतं. खरी वाढ १३८ युनिटची. तुमच्या मनातल्या १७४ पैकी ३६ युनिट निव्वळ कॅलेंडरचे आहेत.

घरचा_अभ्यास, तुमच्या सूत्राने २२ रात्री गुणिले सात तास गुणिले दीड, म्हणजे २३१ युनिट होतात. घरातली सगळी वाढच १३८ आहे. चूक कुठे होते सांगतो. कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालू असताना दीड युनिटच्या जवळपास जातं, हे खरं. पण खोली एकदा गार झाली की इन्व्हर्टर एसी मंदावतो, पुढचे तास तो बराच कमी खातो. टनावरून रात्रीचा खप काढता येत नाही.

मोजायला सोपं आहे. झोपताना मेन मीटरचा आकडा लिहा, सकाळी उठल्यावर पुन्हा लिहा. एक रात्र एसीसह, एक रात्र एसीविना. मीटरवर तारीख, व्होल्टेज असे बरेच आकडे आळीपाळीने येतात, त्यातला kWh लिहिलेला धरायचा. दशांश दिसत नसेल तर एका रात्रीवर विसंबू नका, तीन-तीन रात्री मोजा. आणि हे त्याला सांगून करा. चोरून मोजलेलं कळलं तर आकडा कितीही बरोबर असो, तो हेरगिरीचाच दिसेल.

वायफायपुरता, तुमचा प्लॅन अमर्याद असेल तर त्याच्या कॉलने बिल वाढत नाही, मग वाटा सारखाच. त्याच्या कामासाठी मुद्दाम वरचा प्लॅन घेतला असेल, तर खालच्या आणि वरच्या प्लॅनमधला फरक त्याचा. बाकीचं तिघांचं.

वायफायपुरता
वरचा प्लॅन माझ्याच गेमिंगसाठी घेतला होता. विषय बंद.

शांतीदूत
मालकाला सांगून प्रत्येक खोलीला वेगळा सबमीटर का बसवून घेत नाही? मालक फसवत असतात, जपून राहा.

स्पष्टच_सांगते
यात मालक आलाच कुठून?

एसीवाला_मीच
मी आमच्या घरातला तो एसीवाला. तुमची एसीवरची शंका रास्त असेल, पण आमच्याकडे झालं ते ऐका. बिल फुगलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मुकाट जास्तीचे भरले. पुढच्या महिन्यात मी एसी लावलाच नाही, तरी बिल जवळपास तेवढंच आलं. मग एका दुपारी घरात कुणी नसताना पंखे, दिवे सगळं बंद करून मीटर बघितला, तर लाल दिवा भराभर लुकलुकत होता. बाथरूमचा गीझर दिवसरात्र चालू राहत होता. बटण बंद करायची कुणालाच सवय नव्हती, मलासुद्धा. मला राग आला तो पैशांचा नाही. ग्रुपवर बिलाचा फोटो टाकून एकाने नुसती बर्फाची इमोजी टाकली होती, त्याचा. तो माणूस आजही आठवतो.

मधली_खोली
मोजलं. त्याला सांगूनच. म्हणालो, "बिल कशाने वाढलंय ते कळत नाहीये, दोन रात्री मीटर बघूया का?" तो लगेच हो म्हणाला, सकाळचा आकडा तर त्यानेच वाचला. एसीच्या रात्री सात तासांत ७.७ युनिट, बिनएसीच्या रात्री २.९.

आता थोडं लाजिरवाणं. बिनएसीच्या रात्रीही २.९ मला जास्त वाटले. मग आठवलं, गेला महिनाभर माझा डेस्कटॉप रात्रभर रेंडरिंगला चालू असतो. तिसऱ्या रात्री तो बंद ठेवून, एसीशिवाय मोजलं, तर १.९.

जुना_वायरमन
छान केलंत. एसीचे रात्रीला ४.८ युनिट, २२ रात्रींचे १०५ च्या आसपास. तुमच्या डेस्कटॉपचा रात्रीला १, महिन्याचे ३० धरा. दोन्ही मिळून १३५. वाढ होती १३८. उरलेले तीन फ्रिज आणि पंख्यांवर सोडून द्या. उकाड्यात फ्रिज जास्त चालतोच.

वाटणी अशी करा. बिलातला स्थिर आकार आधी बाजूला काढा. तो युनिटवर अवलंबून नसतो, त्याचे तीन सारखे भाग. उरलेली रक्कम ३२२ ने भागली की एका युनिटचा सरासरी दर मिळेल. १०५ युनिट त्याचे, ३० तुमचे, बाकीचे १८७ तिघांत. युनिटांच्या रकमेतला साधारण ५२ टक्के वाटा त्याच्याकडे जाईल, २९ तुमच्याकडे आणि १९ तिसऱ्याकडे.

स्पष्टच_सांगते
इथे मी अडते. युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो. एसी नसता तर हे घर त्या टप्प्यात गेलंच नसतं. सरासरी दर लावलात तर वरच्या दराचा भुर्दंड तिसऱ्यावरही पडतो, ज्याने काहीच केलेलं नाही. एसीविना बिल किती आलं असतं ते काढा आणि वरचा सगळा फरक एसीवाल्याकडून घ्या.

जुना_वायरमन
टप्प्याचा मुद्दा बरोबर आहे. पण शेवटचं युनिट कुणाचं हे मीटरला कळत नाही. उलट मांडून बघा. एसी आधीपासून असता आणि डेस्कटॉप नंतर आला असता, तर तुमच्या नियमाने महागडे युनिट डेस्कटॉपवाल्याचे ठरले असते. घरात आधी काय आलं यावर दर ठरवायचा का?

स्पष्टच_सांगते
हो, ठरवायचा. जुनी सोय सगळ्यांची होती, नवी एकाची आहे.

जुना_वायरमन
मला नाही पटत. पण तिघं मिळून बिल यायच्या आधी तसं ठरवणार असतील तर माझी हरकत नाही. बिल आल्यावर नियम बनवला, की तो कितीही न्याय्य असला तरी समोरच्याला शिक्षा वाटते.

एसीवाला_मीच
हेच म्हणतो. त्यामुळे या बिलाला हात लावू नकोस, तीन भाग कर. पुढच्यापासून मोजलेले आकडे धरा.

मधली_खोली
मागचं सोडायला मन तयार होत नव्हतं, पण २९ टक्के आणि तेहतीस टक्क्यांतला फरक बघितल्यावर माझाच आवाज जरा खाली आला. खरं नुकसान तिसऱ्याचं, आणि तो बिचारा ग्रुपवर काही बोललेलाच नाही. काल रात्री हे टाकलं:

"वीजबिल ३२२ युनिटचं आलंय, फोटो जोडलाय. हे ३६ दिवसांचं आहे, मागचं २९ दिवसांचं होतं, म्हणून थोडी वाढ त्याचीच. मीटर बघून कळलं की माझा डेस्कटॉप रात्रीला १ युनिट खातो आणि एसी ४.८. पुढच्या बिलापासून हे दोन वेगळे धरून बाकीचं तीन भागांत करूया का? दोघांकडून माझ्या भागाचे पैसे आत्ता काही नकोत, फक्त यावेळचं कसं करायचं ते दोघांनी सांगा. रविवारी बसून ठरवू."

स्पष्टच_सांगते
आधी स्वतःचा डेस्कटॉप, मग एसी. हे चांगलं जमलंय. पण "माझ्या भागाचे पैसे आत्ता काही नकोत" काढायला हवं होतं. उपकार केल्यासारखं वाटतं, आणि उपकार तर तू तिसऱ्याच्या जिवावर करतोयस.

मधली_खोली
पाठवल्यावर मलाही खटकलं. सकाळी ते वाक्य मागे घेतलं.

एसीवाल्याने अंगठा दिला आणि "यावेळचे माझे जास्त धर" म्हणाला. तिसऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं, म्हणाला, मागचं राहू दे. पण मग एसीवाल्याने एक प्रश्न टाकलाय. सुट्टीच्या रात्री आम्ही तिघंही त्याच्या खोलीत सिनेमा बघत बसतो, दार लावून, एसी लावून. महिन्यात अशा चार-पाच रात्री होतात. त्या कुणाच्या?

जुना_वायरमन
तिघांच्या. चार रात्रींचे १९ युनिट त्याच्या खात्यातून काढा.

स्पष्टच_सांगते
आणि सिनेमा संपल्यावर तो तिथेच त्या गारव्यात झोपतो, त्याचं काय?