बँकेत पैसे वाढले, तरी तूट कशी?

"फोंड्यातली आमची सोसायटी. रिसिट्स-पेमेंट्समध्ये शिल्लक १६,००० ने वाढली, पण इन्कम-एक्स्पेंडिचरमध्ये २०,००० ची तूट. खजिनदार चुकला का?"

तसं असेलच असं नाही. पहिलं खातं म्हणजे कॅशबुकाचा गोषवारा: पैसा कुठल्याही वर्षाचा असो, आला की जमा. दुसऱ्यात फक्त या वर्षाचं.

समजा २० फ्लॅट, महिना १,००० मेंटेनन्स. वर्षाचं उत्पन्न २,४०,०००, कोणी भरो वा न भरो. प्रत्यक्षात आले २,४६,०००. त्यात १८,००० गेल्या वर्षीची थकबाकी, १२,००० पुढच्या वर्षाचे आगाऊ. म्हणजे या वर्षाचे २,१६,०००च, २४,००० येणे.

दिले २,३०,०००, म्हणून शिल्लक १६,००० वाढली. पण पावसाआधी मार्चमध्ये करून घेतलेल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं ३०,००० चं बिल एप्रिलमध्ये भरलं. काम या वर्षीचं, तेव्हा खर्च २,६०,०००. तूट २०,०००.

खजिनदाराकडे सभासदवार थकबाकीची यादी मागा. तिची बेरीज ताळेबंदातल्या येण्याशी जुळली नाही, तर मात्र जाब विचारा. आणि नवा पंप घेतला असेल तर तो खर्चात नको, मालमत्तेत. खर्चात फक्त त्याचा या वर्षाचा घसारा. आमसभेत भांडणं बहुधा यावरूनच होतात.