तिमाही आढाव्याला ग्राहकाकडचे निर्णय घेणारे लोक यावेत म्हणून निमंत्रणात काय लिहावं?

गोदामकर
आम्ही गोदामातला साठा आणि डिस्पॅच सांभाळणारं सॉफ्टवेअर पुरवतो. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकासोबत दर तिमाहीला आढावा बैठक ठरलेली असते. पण हल्ली त्यांच्याकडून फक्त सिस्टीम बघणारे समन्वयक येतात. माणूस चांगला आहे, रोजच्या कामात पूर्ण साथ देतो, पण पैशाचा किंवा कराराचा निर्णय त्याच्या हातात नाही. ऑपरेशन्स प्रमुख आणि फायनान्स प्रमुख निमंत्रण स्वीकारतात आणि आयत्या वेळी येत नाहीत.

यावेळी ते दोघं यायलाच हवेत. कराराची मुदत पाच महिन्यांनी संपतेय, दुसरं गोदाम आमच्या सिस्टीमवर आणायचं की नाही हे लोंबकळत पडलंय, आणि त्यात या तिमाहीत महिनाअखेरीला सिस्टीम तीन तास बंद होती. निमंत्रण कसं लिहू? डेटा आधी पाठवू का, आणि किती?

थेट_बोला
तुमच्या डायरेक्टरकडून त्यांच्या एमडींना मेल जाऊ द्या. वरून सांगितलं की सगळे येतात. सोबत पूर्ण डॅशबोर्ड जोडा, म्हणजे लपवाछपवी वाटणार नाही.

करारवाचक
वरच्या माणसाने वरच्या माणसाला बोलवावं हे बरोबरच. फक्त समन्वयकाला न सांगता ते करू नका. त्याला स्वतःच्या साहेबांकडून बैठकीबद्दल कळलं, तर तो पुढचं वर्षभर तुम्हाला आतली एक गोष्ट सांगणार नाही. आधी त्याला फोन करा आणि एकच विचारा: "साहेबांसमोर कोणता आकडा आला तर तुमची अडचण होईल?" त्याच्या उत्तरातून निम्मी बैठक कळते. मग तुमचे डायरेक्टर त्यांच्या ऑपरेशन्स प्रमुखांना स्वतंत्र, दोन ओळींचा मेल लिहितील. एमडींपर्यंत जायची गरज मला दिसत नाही.

आता विषयपत्रिका. तुमची बहुधा "मागील तिमाहीचा आढावा, सेवेची स्थिती, पुढील योजना" अशी असेल. हे वाचून फायनान्स प्रमुखाने का यावं? प्रत्येक मुद्दा त्या दिवशी घ्यायच्या निर्णयाच्या रूपात लिहा आणि निर्णय कोणी घ्यायचा तेही त्याच ओळीत लिहा. आपल्याशिवाय पान हलणार नाही असं दिसलं की माणूस येतो, किंवा अधिकार देऊन दुसऱ्याला पाठवतो. दोन्ही चालतं.

तारीख तीन-चार आठवडे आधी धरा, आणि महिनाअखेर टाळा. त्यांचा डिस्पॅच तेव्हाच तुंबलेला असणार.

हिशेबवही
आमच्याकडे तिमाहीला टीमचा आढावा होतो तेव्हा आम्ही टार्गेट आणि इन्सेन्टिव्हचा तक्ता आधीच फिरवतो. तसंच करा, लोक तयारीने येतात.

गोदामकर
तो आतला आढावा झाला. माझा प्रश्न ग्राहकासोबतच्या बैठकीचा आहे. पण तक्ता आधी फिरवण्याचा मुद्दा लागू पडतोच.

बंद पडलेल्या तीन तासांचं काय करू? करारात महिन्याला ९९.५ टक्के उपलब्धता लिहिली आहे.

करारवाचक
म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास, त्याचा अर्धा टक्का ३.६ तास. तीन तास बंद, म्हणजे करार मोडलेला नाही. पूर्ण तिमाही धरलीत तर आकडा ९९.८६ टक्के येतो आणि स्लाइडवर हिरवा दिसतो. तो हिरवा ठोकळा ऑपरेशन्स प्रमुखासमोर टाकू नका. त्यांच्या गाड्या निघायची वेळ कोणती?

गोदामकर
संध्याकाळी ४ ते ८. सिस्टीम ४.३० ते ७.३० बंद होती.

करारवाचक
मग त्यांच्या लेखी त्या दिवशी चारपैकी तीन तास गेले. तुमच्या पानावर दोन्ही आकडे शेजारीशेजारी हवेत: करारानुसार काय झालं आणि डिस्पॅचच्या वेळेत काय झालं. खाली कारण, आणि तेच पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, तारखेसह. नुसता करारातला आकडा दाखवलात तर बैठकीची पहिली वीस मिनिटं त्याच वादात जातील.

तक्रारींच्या तिकिटांचंही तेच. ग्राहकाच्या उत्तराची वाट बघताना तुमचं घड्याळ थांबतं, त्यांचं थांबत नाही. म्हणून तक्रार सुटायला तुमच्याकडे सरासरी सहा तास आणि त्यांच्याकडे दोन दिवस असं निघू शकतं, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. बैठकीच्या दहा दिवस आधी तिकिटांची यादी समन्वयकाला द्या आणि आकडे जुळवून घ्या. जुळले नाहीत तर फरक का आहे ते एका ओळीत लिहा.

खरेदी_विभाग
मी टेबलाच्या पलीकडे बसते, अशी निमंत्रणं मलाच येतात. पूर्ण डॅशबोर्ड आला की मी "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवते आणि मग तो राहूनच जातो. दोन-तीन पानं, पाच कामाचे दिवस आधी, एवढं आलं तर मी वाचून फायनान्सकडे पाठवते. आणखी एक, आमच्याकडून काय हवं ते आधी सांगा. दुसऱ्या गोदामाच्या निर्णयाची अपेक्षा असेल तर तिथल्या रोजच्या ऑर्डरींचा आकडा आम्हाला गोळा करावा लागतो. तो बैठकीत विचारलात तर उत्तर "कळवतो" असंच येणार.

गोदामकर
समन्वयकाशी बोललो. तिकिटांपेक्षा त्यांना त्या तीन तासांची जास्त काळजी आहे, कारण वर खुलासा त्यांनाच द्यावा लागला होता. असा मसुदा केलाय:

> विषय: तिमाही आढावा – डिस्पॅचच्या वेळेतील सपोर्ट आणि दुसरे गोदाम, दोन निर्णय
>
> महोदय, ६० मिनिटांच्या बैठकीत आपल्याकडून दोन निर्णय अपेक्षित आहेत.
> १. संध्याकाळी ४ ते ८ या वेळेसाठी स्वतंत्र सपोर्ट सुरू करावा का (ऑपरेशन्स प्रमुख)
> २. दुसरे गोदाम पुढील तिमाहीत जोडावे का, व त्याचा खर्च (ऑपरेशन्स व फायनान्स प्रमुख)
> महिनाअखेरच्या तीन तासांच्या खंडाचे कारण व केलेले बदल पहिल्या १५ मिनिटांत मांडू. आमच्याकडून तांत्रिक प्रमुख व डायरेक्टर उपस्थित राहतील. तीन पानांची माहिती पाच कामाचे दिवस आधी पाठवू. दुसऱ्या गोदामातील रोजच्या ऑर्डरींची संख्या त्याआधी मिळावी, ही विनंती.
> आपल्याला येणे शक्य नसल्यास निर्णयाचा अधिकार असलेल्या सहकाऱ्याचे नाव कळवावे.

खरेदी_विभाग
हे मी नक्की पुढे पाठवलं असतं. फक्त "स्वतंत्र सपोर्ट" फुकट आहे की त्याचे पैसे लागतील ते लिहा. फायनान्सवाले पहिल्या ओळीत तेच शोधतात, आणि पैसे लागणार असतील तर तिथेही त्यांचं नाव हवं.

थेट_बोला
आणि कराराचं नूतनीकरण? पाच महिने राहिलेत, याच बैठकीत दर काढा. सगळे एकत्र पुन्हा कधी भेटणार?

करारवाचक
मी काढणार नाही. ज्या तासात तीन तासांच्या बंदचा खुलासा देताय त्याच तासात दर मांडलात तर सवलत मागायचं आयतं कारण त्यांच्या हातात जातं. बैठकीनंतर दोन आठवड्यांनी फायनान्सला वेगळं भेटा.

खरेदी_विभाग
मला हे पटत नाही. आमचं बजेट चार महिने आधी बंद होतं. दराचा अंदाज नंतर आला तर तो पुढच्या वर्षावर जातो. नेमका दर नको, पण वाढ होणार आहे की नाही एवढं तरी त्या बैठकीत सांगा.

गोदामकर
त्यांचं बजेट कधी बंद होतं हे मला माहीत नाही. उद्या समन्वयकाला तेच विचारतो, मग दराचं ठरवतो. सपोर्टच्या खर्चाची ओळ मसुद्यात घातली आणि पहिल्या मुद्द्यासमोर फायनान्स प्रमुखांचंही पद लिहिलं.